बंद पडली तरी चालेल!

पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्या बायकांसाठी कारचे वर्ग. वरचा बाजार, फोंडा.
शिकवणाऱ्याही बायकाच.

ताई, पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडणारच. क्लचवरचा पाय पटकन सुटतो, चाकांचा भार इंजिनावर एकदम येतो आणि ते थांबतं. मोडत काहीच नाही. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, चावी फिरवायची. मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'एल'च्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: 'बंद पडली तर सुरू होईल, हॉर्न नको.'

तुमच्या डाव्या हाताला शिकवणारी बसते. तिच्या पायांशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो. तुम्ही ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलात तरी ती क्लच दाबून इंजिनाचा जोर तोडते आणि गाडी थांबवते. ओरडत नाही. ओरडलं की शिकणारीचे दोन्ही पाय आखडतात आणि नको तिथे दाबले जातात, म्हणून ओरडायचं नाही हा आमच्याकडे नियमच आहे.

पहिल्या दिवशी रस्ता नाही, मोकळं मैदान. आधी सीट: क्लच तळापर्यंत दाबल्यावर डावा गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताणावा लागला तर सीट पुढे घ्या. उंची कमी असेल तर घट्ट उशी आमच्याकडे आहे. मग पूर्ण तास फक्त क्लच. ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडत जा. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते. तिथे पाय धरून ठेवा. गाडी आपोआप पुढे सरकू लागते. ही जागा पायाला कळली की निम्मी भीती तिथेच उतरते. घाबरलात तर दोन्ही पाय दाबा. त्या वेगाला गाडी जागच्या जागी थांबते.

स्कूटर चालवत असाल तर ट्रॅफिक तुम्हाला नवं नाही. अडचण येते ती डाव्या बाजूची. स्कूटरची सवय अशी की माणूस वाटेच्या मधून जातो, आणि कारमध्ये तसंच बसलं तर डावी चाकं गटाराकडे जातात. यासाठी चार दिवस ठेवले आहेत: जमिनीवर चुन्याची रेघ, तिच्यावर डावं चाक, आरशात पाहून खात्री. गावातल्या अरुंद वाटांवर, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे असताना, हेच कामी येतं.

चढ फर्मागुढीला. हँडब्रेक ओढलेला, क्लच त्या थरथरणाऱ्या जागेवर, थोडा ॲक्सिलरेटर, बॉनेट किंचित उचललं की मगच हँडब्रेक सोडायचा. आधी सोडला की गाडी मागे येते. आली तर शिकवणारीचा ब्रेक आहेच. शेवटच्या दिवसांत दुर्भाटची फेरीबोट. उतारावर पहिल्या गिअरमध्ये, हळू, पण फळीच्या तोंडाशी अडखळायचं नाही. बोटीवर गेल्यावर हँडब्रेक, मग इंजिन बंद.

वेळ दुपारी २ ते ४ घेतलीत तर उत्तम. शीत-कडी होऊन फोंडा आडवा झालेला असतो, दुकानं बंद, रस्ता तुमचाच. सकाळी १० ते १२ ही वेळही आहे. पावसात वर्ग बंद ठेवत नाही. वायपर, डीफॉगर आणि पाण्यात ब्रेक उशिरा लागणं हे पावसातच शिकायचं.

एक विनंती: पहिले सहा दिवस घरचं कोणी मागच्या सीटवर नको. नवरा तर नकोच. दोघांच्या सूचना एकदम कानावर आल्या की पाय कोणाचं ऐकणार?

एकूण २० दिवस, रोज एक तास. शुल्क ₹७,०००. लायसन्सची सरकारी फी वेगळी. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. विसावा दिवस संपला आणि क्लच अजून बसला नसेल, तर पुढचे तीन दिवस फुकट.

पहिल्या दिवशी येताना मागे पट्टा असलेली, सपाट तळाची चप्पल घाला; सुटी चप्पल पेडलखाली अडकते. साडी असेल तर निऱ्या थोड्या वर खोचा, पदर किंवा ओढणी हँडब्रेकच्या बाजूला लोंबू देऊ नका. चष्मा असेल तर तोही आणा. शिकाऊ लायसन्स सोबत हवंच. नसेल तर त्याचा अर्ज भरायला आधी या. चिन्हांच्या परीक्षेची तयारी आम्ही करून घेतो.