विषय: बिल क्र. ४१७ मधील जादा वजनाबाबत

प्रति, लेखा विभाग

स. न. वि. वि.

२० मि.मी. ब्राइट बारच्या वरील बिलात वजन १,२४० किलो लावले आहे. माल भोसरीत उतरला तो १,१४० किलो. आमच्या वजनकाट्याच्या पावतीवर तुमच्या ड्रायव्हरची सही आहे आणि तुमच्याच चलनावरही १,१४० हाच आकडा आहे, म्हणजे चूक बिल करतानाच झाली.

१०० किलोचे ₹७२ दराने ₹७,२०० आणि १८ टक्के जीएसटी ₹१,२९६, एकूण ₹८,४९६ जादा लागले आहेत. बिलावर हाताने दुरुस्ती चालणार नाही. क्रेडिट नोटच द्यावी. ती येताच उरलेली रक्कम लगेच सोडतो. बारचा दर्जा उत्तम आहे, पुढची ऑर्डरही तुम्हालाच द्यायची आहे.

सोबत: काटापावती, चलन व जीआरएनच्या प्रती

आपला,
खरेदी व्यवस्थापक
भोसरी एमआयडीसी, पुणे