सापांना नावं कशाला?

मोक्षपटावरच्या सापांना नावं असत. काम, क्रोध, लोभ, मत्सर. शिड्यांनाही असत: दया, भक्ती, वैराग्य. परंपरा हा पट थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. कवड्या टाकायच्या, पडेल ते दान चालायचं, शेवटच्या घरात मोक्ष. शिकवण सरळ आहे. सद्गुण वर नेतात, दुर्गुण खाली ओढतात.

आता ही नावं खोडा आणि नुसते नियम वाचा. खेळणाऱ्याला अख्ख्या डावात एकही निर्णय घ्यायचा नसतो. क्रोधाच्या घरात तो रागावून जात नाही, तीन पडले म्हणून जातो. भक्तीची शिडी चढण्यासाठी त्याने काडीचीही भक्ती केलेली नसते. म्हणजे नावं सांगतात कर्माची गोष्ट आणि नियम सांगतात प्रारब्धाची. पुढे हा खेळ इंग्लंडात गेला, तिथे त्याच्यावर तिकडची नीतिमूल्यं चढली, काळाच्या ओघात तीही उतरली. उरली नुसती सापशिडी, आणि खेळ तसूभरही बदलला नाही.

कुठल्याही खेळाला लावून बघावी अशी ही कसोटी आहे. नावं, चित्रं, प्रस्तावना, मधले संवाद सगळं काढून टाकायचं. मागे जे उरतं, ती नियमांनी सांगितलेली गोष्ट. काही खेळ या कसोटीत साफ झोपतात. काही मात्र उघडे पडल्यावरच खरे बोलायला लागतात.

'व्यापार' घ्या. आपल्याकडच्या सुट्ट्या ज्या खेळाने खाल्ल्या, त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. पेटंट १९०४ सालचं. जमिनीची मालकी मोजक्यांच्या हातात गेली की बाकीचे कसे भाडं भरभरून भिकेला लागतात, हे बाईंना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी दोन नियमावल्या केल्या: एकीत एकजण सगळ्यांना गिळतो, दुसरीत संपत्ती वाढली की सगळ्यांचंच भलं होतं. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली, म्हणजे ज्यावरून आपला 'व्यापार' निघाला तो खेळ, बाजारात आणली तेव्हा गिळण्याची नियमावली तेवढी टिकली. गंमत अशी, की टीका पुसली गेली तरी नियम अजून तीच गोष्ट सांगतात. पटावर कुठेही 'मक्तेदारी वाईट' असं लिहिलेलं नाही. पण मुंबई आणि दिल्ली दोन्ही ताईकडे गेल्यावर शेवटचा तासभर आपण नुसते फासे टाकत आणि नोटा मोजून देत बसतो. आपण हरलोय हे सगळ्यांना कळलेलं असतं, तरी डाव संपत नाही. हा कंटाळा खेळातला दोष आहे असं लोक म्हणतात. माझ्या मते तोच या खेळाचा सगळ्यात प्रामाणिक प्रसंग आहे.

पटावरच्या नियमांचं कसब बघायचं तर मला 'पँडेमिक'सारखं उदाहरण नाही. मॅट लीकॉकचा हा खेळ २००८चा, म्हणजे आपण सगळ्यांनी हा शब्द घोकण्याच्या बारा वर्षं आधीचा. जगाच्या नकाशावर ४८ शहरं, चार रंगांचे रोग, आणि सगळे खेळाडू एकाच बाजूला. दर पाळीच्या शेवटी संसर्गाच्या गड्डीतून पानं उलटायची, ज्या शहराचं पान येईल तिथे रोगाचा एक ठोकळा ठेवायचा. उलटलेली पानं बाजूला टाकायची. इथवर साधंच आहे. पण साथीचं पान आलं, की बाजूला टाकलेली ती पानं पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवतात. तळाशी नाही, वर.

या एका ओळीच्या नियमात केवढी गोष्ट भरली आहे! जी शहरं आधीच आजारी आहेत, तीच पुन्हा पुन्हा वर येणार. अजून स्वच्छ असलेली शहरं खाली पडून राहणार. एका शहरात तीन ठोकळे असताना चौथा ठेवायची वेळ आली, की उद्रेक, आणि रोग शेजारच्या शहरांत. कोथरूडला मित्राच्या घरी शनिवारी आमचा अड्डा जमतो, तिथे हे दर वेळी घडतं. पानं पिसली जातात आणि टेबलावर आवाज बदलतात. "कोलकात्याला तीन आहेत रे, आधी तिकडे जा." "गेलो असतो, पण चेन्नई कोण बघणार? तू?" "मग मुंबई सोडून द्यायची का?" त्या घरातल्या काकू, ज्यांना ठोकळ्यांशी काही देणंघेणं नाही, त्यासुद्धा चहा ठेवता ठेवता विचारतात, "काय, वाचवलंत का कोलकात्याला?" कुणी निवेदक नाही, कुणी पात्र नाही. भीती आहे, आणि ती पानं पिसण्याच्या पद्धतीतून आलेली आहे.

इथे ती पानं पिसणारे हात आपलेच असतात. मला वाटतं पट आणि व्हिडिओ गेम या दोन माध्यमांतला खरा फरक हा आहे. तंत्रज्ञान, चित्रं वगैरे नंतरची गोष्ट. पटावर नियम चालवायला दुसरं कुणी नसतं. वाचायचा आपण, समजून घ्यायचा आपण, आणि स्वतःच्या तोट्याचा असला तरी अमलातही आपणच आणायचा. व्हिडिओ गेममध्ये नियम यंत्राच्या पोटात असतो. तो आधी वाचायला मिळत नाही. ठेच लागली की कळतो.

'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) हा त्याचा जुना दाखला. वरून परग्रहवासीयांच्या रांगा उतरतात. त्यांना टिपत जावं, तसे उरलेले अधिक वेगाने धावतात, आणि शेवटचा तर हातालाच लागत नाही. बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी हे आधी योजलेलं नव्हतं. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की त्या यंत्राला काम कमी पडे आणि उरलेल्या झपाझप हलत. त्यांनी ते तसंच ठेवलं. शेवटच्या शत्रूचा जीव तोडून केलेला हल्ला ही गोष्ट कुणी लिहिलीच नाही. खेळणाऱ्याला नियम माहीत नसल्यामुळे ती त्याला नियम म्हणून दिसलीही नाही, दिसली ती समोरच्याची चाल म्हणून. पटावर हेच करायचं तर 'एक गडी मेला की बाकीचे एक घर जास्त चालतील' असं पत्रकात छापावं लागेल, आणि छापलं की निम्मी धास्ती गेली.

लुकास पोपच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) मध्ये हा लपलेला नियम आणखी खोल जातो. आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर पासपोर्ट तपासणारे कारकून. समोर एवढंसं टेबल, त्यावर पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र एकमेकांवर पडलेलं, आणि रोज सकाळी नवा फतवा, म्हणजे तपासायला आणखी एक कागद. पगार माणसामागे पाच क्रेडिट. दिवस संपला की भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, औषध, आणि घरात बायको, मुलगा, सासू, काका. एक गृहस्थ येतो, त्याचे कागद ठीक. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही. दिवसाला पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून दंड. म्हणजे दया करायची सोय आहे, पण ती कोट्याने. सोडलं तिला, तर आज आणखी एक चूक फुकट, त्यानंतरची मुलाच्या औषधातून.

यात सगळ्यात जहरी आहे ती टेबलाची अपुरी जागा. कागद उचलून बाजूला करता करता घड्याळ पुढे सरकतं, आणि थोड्या वेळाने समोरचा माणूस बोलतोय याचाच राग यायला लागतो. क्रूर हो असं कुणी सांगितलेलं नाही, फक्त टेबल लहान ठेवलंय. सरकारी खिडकीच्या अलीकडे आयुष्यभर उभं राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही खिडकीची पलीकडची बाजू चांगलीच झोंबते.

हाच विषय पटावर कसा येतो? ब्रेंडा रोमेरो यांनी २००९ साली 'ट्रेन' नावाचा एक खेळ केला, त्याची एकच प्रत आहे. पिवळी माणसं मालडब्यांत भरायची आणि गाडी मुक्कामाला पोचवायची. मुक्कामाचं नाव शेवटी उलगडतं: ऑशविट्झ. इथे सक्ती करायला यंत्र नव्हतं. घड्याळ नव्हतं, घरी आजारी मुलगा नव्हता. नियमांचं पान होतं आणि ते पाळणारे आपण. पोपचा कारकून म्हणू शकतो, माझा नाइलाज होता. 'ट्रेन' खेळणाऱ्याला ती सबबही नाही, कारण तो टेबलावरून केव्हाही उठू शकत होता. सामील असण्याची गोष्ट पट अधिक निर्दयपणे सांगतो असं माझं मत आहे. सापळ्यात अडकल्याची गोष्ट मात्र यंत्रानेच सांगावी.

आणि यंत्राकडे एक गोष्ट आहे जी पटाला कधी जमणार नाही: बोटांची सवय. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) मध्ये दोन भाऊ एकाच कंट्रोलरवर चालतात, डाव्या हाताने थोरला, उजव्या हाताने धाकटा. (शेवट फुटायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) थोरला मरतो, आणि डावा हात रिकामा पडतो. मग नदी लागते. धाकट्याला पाण्याची भीती, आजवर तो थोरल्याच्या पाठीवरून गेलेला. आता त्याचं बटण दाबून काही होत नाही. पार व्हायचं तर दाबायचं थोरल्याचं बटण. एक शब्द नाही, आणि कळतं ते बोटांना कळतं.

आपल्या पुण्यातच घडलेल्या 'राजी: अॅन एन्शंट एपिक' (२०२०) ला कसोटी लावली तर निकाल संमिश्र येतो. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोर, आणि लढतानाही ती भिंतीवर धावते, खांबाला गरका मारते. ती कोण आहे हे नियमच सांगतात, आणि झकास सांगतात. पण ज्या धाकट्या भावासाठी, गोलूसाठी, ही सगळी धावाधाव, तो खेळात हाताला लागत नाही. त्याचं दुःख दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून आणि सावल्यांच्या चित्रांतून येतं. देखणं आहे, पण ते ऐकायचं आणि बघायचं दुःख आहे.

पट नियमांवर चालतो आणि पडदा निवेदनावर, अशी वाटणी मात्र करू नये. 'धिस वॉर ऑफ माइन' हा वेढ्यातल्या सामान्य माणसांचा व्हिडिओ गेम (२०१४) भूक आणि थंडीच्या हिशेबावर उभा आहे. त्याचा पट आला, त्यासोबत प्रसंगांचं जाडजूड पुस्तकच आलं: आकडा काढा, उतारा वाचा. गोष्ट यंत्रात नियमांची होती, टेबलावर आली ती वाचनाची.

या सगळ्याची सोपी तपासणी घरच्या घरी होते, कारण लुडो आपण दोन्हीकडे खेळतो. फोनवर सोंगटी मारली की ती आपसूक घरी जाते, वर झांज वाजते. टेबलावर आजी नातवाच्या सोंगटीच्या अलीकडे चार घरं येऊन थांबते, चारच पडतात, आणि ती भलतीच सोंगटी पुढे सरकवते. नातू ओरडतो, "आजी, मारायची होती ना!" आजी म्हणते, "अगंबाई, दिसलीच नाही की." फोनवरही दुसरी सोंगटी चालवता येतेच. पण 'दिसलीच नाही' म्हणायला तिथे समोर कुणी नसतं, आणि नातवाला ते खोटं आहे हे ओळखून गप्प बसायची संधी मिळत नाही.