तीन दारी वॉर्डरोब, ‘वॉलनट’ रंग: सांगाडा ठीक, आतून उथळ, फोटोपेक्षा लाल

पाचपैकी तीन तारे. किंमत १७,४९९ रुपये, जोडणी धरून. माप १२० सेमी रुंद, ५० सेमी खोल, १९८ सेमी उंच. एक तारा आतल्या खोलीसाठी कापला, एक फोटोंसाठी.

माल तीन खोक्यांत येतो. सर्वांत जड खोक्यात बाजूच्या फळ्या असतात आणि मार बसतो तो त्यांनाच, कारण कोपऱ्यांना जेमतेम बोटभर थर्माकोल लावलेला आहे. आमच्याकडे डाव्या फळीचा खालचा कोपरा अंगठ्याएवढा चेपून भुसा बाहेर आला होता. माल पोचवणारा खोकं उघडायच्या आधीच ओटीपी मागतो. निदान फाटलेल्या कोपऱ्याचा आणि लेबलचा एकत्र फोटो काढल्याशिवाय तो देऊ नका. जोडणीवाला म्हणाला, ‘भिंतीकडे जाईल, दिसणार नाही.’ प्रश्न दिसण्याचा नाही. तळाची फळी ज्या स्क्रूवर बसते त्याचं भोक त्याच कोपऱ्याजवळ आहे, आणि चेपलेल्या पार्टिकल बोर्डात स्क्रू पकड धरत नाही. जोडणी थांबवून फळी बदलून मागितली. कंपनीने तेवढी एकच फळी पाठवली, पूर्ण कपाट परत न्यायचा आग्रह धरला नाही, हे चांगलं. कपाट उभं केल्यावर तीच फळी बदलायची म्हणजे निम्मं कपाट पुन्हा सोडवायचं.

वर्णनात ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलंय, प्रत्यक्षात प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड आहे. बाजू, तळ आणि दारं १८ मिमी, कप्पे १५ मिमी, पाठ ३ मिमी. पुढच्या कडांची पीव्हीसी पट्टी नीट चिकटलेली आहे, पण बाजूच्या फळ्यांच्या खालच्या आणि मागच्या कडा उघड्या आहेत. लादी पुसताना पाणी तिथूनच आत शिरतं, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. खालचे प्लास्टिक बूट कपाट जेमतेम १ सेमी उचलतात. जोडणीआधी या कडांवर वॉर्निशचे दोन हात मारून घ्या. पांढरा गोंद नको, ओलाव्यात तो मऊ पडतो. डोंबिवलीच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवणार असाल तर मागे तीन-चार बोटं जागा सोडा, नाहीतर पाठीला बुरशी धरेल.

जोडणीला दोन माणसं आणि अडीचेक तास. भोकं जागच्या जागी आहेत, लाकडी डॉवेल न ठोकता बसतात. फळ्या एकमेकींना आवळणाऱ्या मिनिफिक्सच्या चकतीवरचा बाण आधी बोल्टच्या दिशेला करायचा, मग स्क्रू-ड्रायव्हरने साधारण अर्धा फेरा. घट्ट लागल्यावर आणखी पिळलं की भोवतालचा बोर्ड फुटतो. इथे ड्रिल मशीन चालवू देऊ नका.

खरी गडबड पाठ ठोकताना होते. त्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजायला लावा; दोन्ही सारखे, सुमारे २३१ सेमी यायला हवेत. कपाट काटकोनात धरून ठेवते ती ही पातळ पाठच. वाकड्यावर ठोकली की दारांमधली फट वर अरुंद, खाली रुंद होते, आणि मग बिजागऱ्यांचे स्क्रू कितीही फिरवा, फरक थोडाच पडतो. कपाट आडवं जोडून उभं करताना तिरकी उंची २०४ सेमीच्या वर जाते. वर लॉफ्ट असेल तर तेवढी मोकळी जागा आधी मोजा. भिंतीला बांधायची एल-पट्टी मिळते, पण सोबतचे स्क्रू आखूड आहेत. योग्य मापाचे प्लग आणि स्क्रू स्वतः आणा. तिन्ही दारं एकदम उघडली की भार पुढे येतो, म्हणून घरात लहान मूल असेल तर ही पट्टी लावाच.

आता फोटो. तिथला मॅट, गडद तपकिरी रंग प्रत्यक्षात लालसर आणि किंचित चकचकीत आहे. पिवळ्या दिव्याखाली तो आणखी लाल दिसतो. आरसा फोटोत दारभर वाटतो, आहे मात्र वीतभर रुंदीचा. हँडल जुळतं. सगळ्यांत फसवं आहे ते आतलं चित्र. दार आणि पाठ वजा जाता आत जेमतेम ४८ सेमी उरतात. शर्टाचा साधा हँगर मावतो. कोट किंवा शेरवानीचा रुंद हँगर तिरका करावा लागतो, म्हणजे तिथे कपडे निम्मेच बसतात. फोटोत दारं उघडी असल्याने हे कळतच नाही. दोन दारांमागचा लांब कप्पा ७७ सेमी विनाआधार जातो. त्यावर साड्यांची चळत मधोमध ठेवली की तो खाली झोल देतो, तेव्हा जड घड्या दोन्ही टोकांना ठेवा. ड्रॉवर बाहेरून खोल वाटतात, पण चॅनल ३५ सेमीची आहे आणि तळ ३ मिमीचा. रुमाल-मोजे ठीक, दागिन्यांचे डबे किंवा फायलींचे गठ्ठे नकोत.