299 चा पॅक बंद होतोय: 1 ऑक्टोबरपासून 349 रुपये, 24 दिवस, रात्रीचं फ्री नेट नाही

तुमच्या नंबरवर सध्या 299 चा प्रीपेड पॅक आहे. मागच्या आठवड्यात याबद्दल जो मेसेज आला त्यात 'नवीन अनुभव' वगैरे बरंच होतं आणि रेट पार खाली बारीक अक्षरात, म्हणून हा परत पाठवतोय. सरळ सांगायचं तर पॅक महाग झालाय आणि मिळतंय कमी.

50 रुपये जास्त आणि 4 दिवस कमी (आधी 28 होते). दिवसाचा हिशोब केला तर आधी साधारण 10 रुपये 68 पैसे पडायचे, आता 14 रुपये 54 पैसे. वर्षभराचं बघा, 13 रिचार्जमध्ये 364 दिवस निघायचे, 3,887 रुपये, आता 15 रिचार्ज मारूनही 360 च दिवस होतात आणि जातात 5,235.

रोजचा दीड जीबी तसाच आहे, पण दिवस कमी झाल्यामुळे पूर्ण पॅकमध्ये 42 च्या जागी 36 जीबीच मिळणार. कॉल आणि रोजचे 100 एसएमएस आहेत तसेच.

आता काय काय जातंय ते. रात्री 12 ते सकाळी 6 जे नेट फ्री होतं ते बंद, म्हणजे रात्री लावून ठेवलेले अपडेट आणि डाउनलोड आता दीड जीबीतूनच कटणार, हे जरा लक्षात ठेवा, नाहीतर सकाळी उठेपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असेल. आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता यायचा, तेही गेलं. पॅकसोबतचं सिनेमा-सिरीयलचं सबस्क्रिप्शन जुना पॅक संपेल त्याच दिवशी बंद होईल.

चालू पॅकला हात लावलेला नाही, तो संपेपर्यंत सगळं जुनंच. 30 सप्टेंबरच्या रात्री 11:59 पर्यंत 299 चा रिचार्ज केलात तर तोही जुन्याच अटींवर पूर्ण 28 दिवस चालेल, आत्ताचा पॅक संपला की आपोआप सुरू होईल. असा एकच रिचार्ज आधी करून ठेवता येतो.

ऑटोपे लावलं असेल तर आम्ही स्वतःहून 349 कापणार नाही, 299 चं ऑटोपे 1 तारखेला बंद होईल. म्हणजे पुढचा रिचार्ज तुम्हालाच करावा लागेल, विसरलात तर आउटगोइंग बंद पडेल.

नेट वायफायवरच वापरत असाल तर 189 चा 28 दिवसांचा पॅक आहे, त्यात फक्त कॉल आणि एसएमएस, डेटा अजिबात नाही.

आणि हे काहीच पटत नसेल तर नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. PORT लिहून स्पेस द्या, पुढे आपला मोबाइल नंबर टाका आणि 1900 वर एसएमएस करा, कोड येईल तो 4 दिवस चालतो. फक्त पोर्ट झालं की उरलेला बॅलन्स आणि पॅक दोन्ही जातात, त्यामुळे पॅक संपत आला की मगच करा.