हरण्याच्या पोस्टरवर नेमकं काय लिहिलंय (गटासाठी गोषवारा)

नाना, आबा आणि गटातले सगळे भाऊ, जळगावच्या केळी परिषदेत हरण्यावरचं जे पोस्टर लागलं होतं त्याचा गोषवारा देतोय. पोस्टरवर पूर्ण वाक्यं जवळजवळ नाहीतच, तुटक शब्द, बाण, दोन फोटो, एक आलेख आणि एक तक्ता एवढंच आहे. करणारे लोक तिथे उभे नव्हते म्हणून विचारता आलं नाही. त्यामुळे जे छापलंय तेच सांगतोय, आणि मला जे आधीपासून माहीत आहे ते कुठे आलं तर तिथेच वेगळं सांगेन. गुरुवारच्या बैठकीत काकडी-कलिंगडवाल्या शेजाऱ्यांचा विषय निघणार आहे, तो ह्या पोस्टरवर उभा करायचा असेल तर पोस्टर कितपत बोलतंय हे आधी कळलं पाहिजे.

वरचं शीर्षक "केळीवरील हरण्या : शेजारची पिकं आणि मावा". खाली "उद्देश" म्हणून तीनच तुकडे आहेत, "लक्षणं केव्हा", "शेजारी काय" आणि "मावा किती". मग "पद्धत" मध्ये "4 गावं. जी-नाईन, टिश्यू रोपं. दर 15 दिवसांनी पाहणी. ऑगस्ट ते नोव्हेंबर. चिकट सापळे. एलायझा." पद्धत तेवढीच. गावांची नावं नाहीत, तालुका नाही, वर्ष पण नाही. बागा किती आणि प्रत्येक बागेत झाडं किती मोजली हेही नाही. आपल्यासाठी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मृगबाग होती का कांदेबाग हे कुठेच लिहिलेलं नाही. ऑगस्टमध्ये पाहणी सुरू झाली म्हणून मृगबागच असणार असं कोणीपण म्हणेल, मलापण तसंच वाटलं, पण महिने दिलेत ते पाहणीचे, लागणीचे नाहीत. तेव्हा गोषवाऱ्यात मी मृगबाग असं लिहीत नाही.

फोटो दोन. पहिल्यात पानावर शिरेच्या बाजूने पिवळट पट्टे दिसतात, खाली लिहिलंय "आठवडा 6". लागणीपासून सहावा का पाहणी सुरू झाल्यापासून सहावा, ते नाही. हा फरक साधा नाही, कारण उद्देशातला पहिला प्रश्नच "लक्षणं केव्हा" असा आहे आणि त्याचं पोस्टरवरचं उत्तर म्हणजे फक्त हा फोटो. दुसऱ्या फोटोत मधला कोंब सडलेला दिसतो, त्याखाली काहीच लिहिलेलं नाही. हरण्यात कोंब सडतो हे आपण सगळ्यांनी बागेत पाहिलंय, पण हा फोटो त्याच चार गावांतला आहे आणि त्या झाडाची एलायझा झाली होती असं पोस्टर म्हणत नाही.

आता मधला आलेख, कारण सगळे मोबाईल काढून त्याचाच फोटो घेत होते. तीन उभे खांब आहेत. डावीकडे "काकडीवर्गीय शेजारी", मध्ये "कापूस शेजारी" आणि उजवीकडे "शेजारी केळीच". डावा खांब सगळ्यात उंच, मधला त्याच्या साधारण निम्मा आणि उजवा सगळ्यात बुटका. बाजूच्या रेषेवर "टक्के झाडं" एवढंच आहे, आकडे छापलेलेच नाहीत. डाव्या खांबावर एक चांदणी काढलीय, पण तिचा अर्थ खाली दिलेला नाही. म्हणून आपण एवढंच म्हणू शकतो की त्यांनी पाहिलेल्या बागांमध्ये काकडीवर्गीय पीक शेजारी असताना बाधित झाडांचं प्रमाण जास्त दाखवलंय. "दुप्पट रोग" असं कृपया कोणी पुढे पाठवू नका. खांब दुप्पट उंच दिसला तरी रेषा शून्यापासून सुरू होते का तेच कळत नाही. आणि झाडं डोळ्याने पाहून बाधित धरली का एलायझाने, तेही कळत नाही. एलायझा शब्द पद्धतीत आहे, आणि नंतर उजवीकडे एका चौकटीत "एलायझा पॉझिटिव्ह, 4 गावांतून" असं आहे, संख्या नाही. चारही गावांत विषाणू सापडला एवढा अर्थ त्यातून निघतो, जास्त नाही.

कापसाच्या खांबाबद्दल माझी माहिती, जी पोस्टरवरची नाही. कापसावरचा मावा आणि काकडी-कलिंगडावरचा मावा ही एकच जात आहे, आणि हा मावा हरण्याचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. झाडाला नुसतं टोचून पाहिलं तरी काही सेकंदात, मिनिटात विषाणू उचलतो आणि सोडतो, म्हणून फवारणीने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. त्यामुळे कापसाचा खांब मध्येच का थांबला हा चांगला प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर पोस्टर देत नाही आणि मीपण देणार नाही.

माव्याच्या तक्त्यात आकडे नाहीत, अधिकची चिन्हं आहेत, एक, दोन किंवा तीन. ओळी "अ, ब, क, ड", ही गावंच असावीत पण तसं लिहिलेलं नाही. रकाने दोन, "पावसाआधी" आणि "पावसानंतर". अ, ब, क मध्ये पावसानंतर चिन्हं वाढलेली आहेत. ड मध्ये पावसानंतरच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. त्या रेघेचा अर्थ मावा सापडला नाही असा होतो, किंवा सापळा लावलाच नव्हता असाही होतो, दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी. तेव्हा "चारही ठिकाणी पावसानंतर मावा वाढला" असं लिहायचं नाही, तीन ओळींत वाढ आणि चौथीत रेघ असंच लिहायचं.

निष्कर्षाच्या चौकटीत पहिली ओळ अशी आहे, "शेजारचं पीक → मावा → हरण्या ?" शेवटचं प्रश्नचिन्ह त्यांनी स्वतः छापलंय. परिषदेत चहाच्या वेळी दोघा-तिघांनी हीच ओळ प्रश्नचिन्ह गाळून सांगितली, म्हणून मुद्दाम लिहितोय. दुसरी ओळ "लवकर उपटणे – फायदा". बाधित झाड लवकर उपटून नष्ट करा हा सल्ला आपल्याला जुनाच आहे आणि तो पाळायलाच हवा, पण ह्या पोस्टरवर उपटलेल्या आणि न उपटलेल्या बागांची तुलना कुठे दिसत नाही, तेव्हा पुरावा म्हणून ह्या पोस्टरचं नाव घेऊ नका. तिसरी ओळ "मिनरल ऑइल ?", परत प्रश्नचिन्ह, मात्रा नाही, काही नाही. राजूभाऊ, तुम्ही फोनवर लिटरला किती ते विचारलं होतं, ते पोस्टरवर नाहीये. शेवटची ओळ "पुढे : बीएसव्ही", म्हणजे पुढचं काम त्या दुसऱ्या विषाणूवर असेल असं दिसतं. ह्याच बागांत तो सापडलाय असं त्यात नाही.

अगदी खालची पट्टी समोरच्या टेबलाने झाकली होती. संदर्भ किंवा आभार असतील, मला वाचता आली नाही, फोटोतपण आलेली नाही.

गुरुवारच्या इतिवृत्तात पोस्टरबद्दल एकच वाक्य घालू या असं माझं म्हणणं आहे : "चार गावांतल्या पाहणीच्या एका पोस्टरवर काकडीवर्गीय पीक शेजारी असलेल्या बागांत बाधित झाडांचं प्रमाण जास्त दाखवलं आहे, आकडे दिलेले नाहीत, कारण-संबंधापुढे लेखकांनीच प्रश्नचिन्ह ठेवलं आहे." शेजाऱ्यांशी बोलायचं ते बोलूच, पण शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं असं सांगून नको. पोस्टरच्या कोपऱ्यात ईमेल आहे, त्यावर मृगबाग का कांदेबाग, आलेखाचे आकडे आणि ड ओळीतली रेघ हे विचारायला मेल टाकलाय. उत्तर आलं की ते ह्याच्या खाली वेगळं जोडेन, वरचं बदलणार नाही. फोटो मोठ्या साईजमध्ये सोबत आहे, झूम करून बघा, माझ्या वाचण्यात काही सुटलं असेल तर बैठकीआधी सांगा.