मृत्युपत्रासोबतचं पत्र

प्रिय मुलांनो,

घराचा अर्धा हिस्सा ताईला आणि पाव-पाव तुम्हा दोघा भावांना दिला आहे. कारण वकिलाकडून नव्हे, माझ्याकडून कळावं. आईच्या आजारपणात ताईने नोकरी सोडली, 9 वर्षं रात्री जागून काढल्या. तिच्या हाती ना पगार राहिला, ना पेन्शन. थोरल्या, तुझ्या धंद्याला आणि धाकट्या, तुझ्या शिक्षणाला मी तेव्हाच पैसे दिले होते. तिने कधी काही मागितलं नाही, हेच मला जास्त लागतं.

घर माझ्या स्वकष्टाचं आहे. निर्णय तिला न विचारता, मी एकट्याने घेतला. तिच्याशी अबोला धरू नका. राग आला तर माझ्यावर धरा. तिघांवरही माझा तेवढाच जीव आहे.

तुमचे,
बाबा