शाळा दुरुस्ती : कोणाचं वजन किती, कोणाला आस्था किती

(शाळा व्यवस्थापन समितीच्या फेब्रुवारीच्या बैठकीसाठी दुरुस्ती उपसमितीचं टिपण)

काम सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 1962 ची जांभ्याची इमारत, सहा खोल्या, त्यांतल्या दोन गेल्या पावसापासून बंद. वाशांना वाळवी आहे. छप्पर उतरवून लोखंडी सांगाडा, चार खोल्यांची फरशी, नवं स्वयंपाकघर आणि मुलींचं स्वच्छतागृह, असं मिळून अंदाजपत्रक 18 लाख 40 हजारांचं. जिल्हा परिषदेकडून 13 लाख 40 हजार, मुंबई मंडळाकडून 5 लाख. सुट्टी मे महिन्यात लागते आणि मृगाच्या आधी छप्पर झाकलं पाहिजे, म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे. या पाच आठवड्यांत कोणी अडून बसलं तर 47 मुलं पावसात बसतील. हे टिपण त्याच भीतीपोटी आहे.

मागच्या बैठकीत फळ्यावर 14 नावं लिहिली. ती पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की 11 नावं कुठल्या ना कुठल्या कार्यालयाची आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला बसवल्या, तरी यादी करताना आपल्याला आधी साहेबच आठवले. मग उपसमितीतल्या तिघांनी शाळेपासून मुख्य रस्त्यापर्यंत पायी फेरी मारली आणि वाटेत भेटेल त्याला एकच विचारलं : काम सुरू झालं तर तुमचं काय अडेल? यादी 23 वर गेली.

मोजलं कसं

वजन म्हणजे खुर्ची नव्हे. ज्याच्या एका नकाराने काम आठवडाभर थांबेल, त्याचं वजन मोठं. आस्था म्हणजे गोड बोलणं नव्हे. काम चालताना किंवा झाल्यावर ज्याचा रोजचा दिवस बदलेल, त्याची आस्था मोठी. तिघांनी एकमेकांना न दाखवता 1 ते 5 गुण दिले आणि सरासरी 3 च्या वर गेली तर वरचा कप्पा धरला. जिथे गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तिथे भांडलो. खरं काम त्या भांडणातच झालं.

| | आस्था कमी | आस्था जास्त |
|---|---|---|
| वजन जास्त | शाखा अभियंता, गटशिक्षणाधिकारी, तहसील कार्यालय, वाटेच्या जागेचे मालक | मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष, सरपंच, ग्रामसेवक, ठेकेदार, मुंबई मंडळ (सध्यापुरतं) |
| वजन कमी | महावितरण, शेजारचे बागायतदार, मुंबईतले इतर माजी विद्यार्थी | मुलं, पालक, शिक्षक, पोषण आहाराच्या स्वयंपाकीण ताई, अंगणवाडी सेविका, बौद्धवाडीतले पालक |

उरलेली नावं यांतल्याच कोणाच्या तरी मागे उभी आहेत, ती वेगळी लिहिली नाहीत.

जिथे आपण चुकलो होतो

वाटेचे मालक पहिल्या यादीत नव्हतेच. ट्रक वडापर्यंत येतो, पुढचे 60 मीटर पाखाडी त्यांच्या परड्यातून जाते. पायी जायला आजवर कोणी हरकत घेतली नाही. पण लोखंडी कैच्या डोक्यावरून नेता येत नाहीत, गडगा चार फूट तरी पाडावा लागेल. सातबाऱ्यावर 11 नावं आहेत, त्यांपैकी गावात राहतात दोघेच. थोरल्या काकांना आम्ही भेटलो. ते म्हणाले, “शाळेला ना नाय. पण उद्या मुंबईवाला पुतण्या इचारील, गडगा कोणाला इचारून पाडलास?” म्हणजे नकार नाही, पण होकारही एकट्याचा नाही. शाळेत आता त्यांचं कोणी शिकत नाही, त्यामुळे त्यांना आपली निकड जाणवणार नाही. शिमग्याला सगळे गावात असतील, तेव्हाच बसून दोन ओळींचं संमतिपत्र घ्यायचं आणि गडगा परत बांधून देण्याची बोली त्यातच लिहायची. शिमगा हुकला तर ही मंडळी थेट गणपतीला भेटतील.

मुंबई मंडळावर आमचे गुण सर्वांत जास्त फुटले : एकाचे आस्थेला 5, दुसऱ्याचे 2. दोघेही बरोबर आहेत. शिमग्यात मंडळाचा उत्साह ओसंडून वाहतो आणि एप्रिलमध्ये फोन उचलले जात नाहीत. म्हणून त्यांचं नाव चौकटीत कायमचं एका जागी ठेवू नये. 5 लाखांचा पहिला हप्ता मार्चअखेर बँकेत आला तर उजवीकडे, नाही तर डावीकडे सरकवायचं. देणगीदारांच्या नावाची पाटी कुठे आणि केवढी, हेही आत्ताच ठरवा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ठरवायचा तो विषय नव्हे.

तहसील कार्यालय पाहून काहींना हसू आलं. पण खोली क्रमांक 2 मतदान केंद्र आहे, तिथला उतार आणि दार बदलणार असेल तर आधी लेखी कळवलेलं बरं. शिवाय कार्यारंभ आदेशाआधी आचारसंहिता लागली तर पाच आठवडे तिथेच संपले.

शाखा अभियंत्यांकडे तालुक्यातली अनेक कामं आहेत, त्यांत आपलं एक. मोजमाप पुस्तिकेत त्यांची नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही आणि बिल अडकलं की ठेकेदार माणसं दुसरीकडे हलवतो. त्यांना रोज फोन करून छळू नये. छप्पर उतरल्यावर, सांगाडा बसल्यावर आणि फरशीआधी, अशा तीन भेटींच्या तारखा आधीच मागून घ्याव्यात. जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून वर गेला की नाही, याची विचारणा मुख्याध्यापकांनी दर सोमवारी करावी.

ज्यांचं वजन कमी धरलं

या कप्प्याला “माहिती देत राहा” एवढंच लिहून सोडायची पद्धत आहे. ती आम्हाला पटलेली नाही.

स्वयंपाकीण ताईंनी दाखवलं, की गळतीनुसार त्या पावसाळ्यात टोप तीनदा हलवतात. नकाशात शेगडी दारालगत आहे, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग झावळ्यांच्या छपराला लागून 94 मुलं गेली. शेगडी मागच्या भिंतीला आणि दुसरं दार, हा बदल नकाशात मागावा असा उपसमितीचा आग्रह आहे.

सातवीच्या मुलींनी बाईंना सांगितलं, की स्वच्छतागृहाचं दार रस्त्याकडे उघडतं, म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पितात. अंदाजपत्रकात नवं दारही रस्त्याकडेच दाखवलं आहे.

सहामाहीपर्यंत काम लांबलं तर वर्ग देवळाच्या सभामंडपात भरवायचे, असं आपण परस्पर ठरवून मोकळे झालो होतो. पटावरची नऊ मुलं बौद्धवाडीतली आहेत, त्यांच्या पालकांना कोणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर एक आई म्हणाली, “मंडपात बसवाल, पण सण आला की उठवाल कोणाला पहिलं?” त्यांनीच समाजमंदिराची खोली देऊ केली आहे, पंखा आणि नळासकट. मुलं वाटून बसवू नयेत, सगळे वर्ग तिथेच भरवावेत, अशी आमची शिफारस आहे. अंगणवाडीचं खातं वेगळं, म्हणून सेविकेने तिच्या पर्यवेक्षिकेला आधी कळवावं.

कोणी काय करायचं

थोरल्या काकांकडे अध्यक्ष आणि सरपंच दोघांनी मिळून जावं, एकट्याने नको. मंडळाशी फक्त खजिनदाराने बोलावं, तीन तोंडांनी तीन रकमा सांगितल्या गेल्या आहेत. नकाशातले दोन्ही बदल मुख्याध्यापकांनी तांत्रिक मान्यतेआधी, म्हणजे या महिन्यातच, लेखी द्यावेत. चौकट शिमग्यानंतर, कार्यारंभ आदेश मिळाल्यावर आणि छप्पर उतरल्याच्या दिवशी पुन्हा मांडू. वाटेची संमती शिमग्यात नाही मिळाली तर कैच्या सुट्या आणून शाळेच्या पटांगणात जोडाव्या लागतील. त्याचा जादा खर्च ठेकेदाराकडून आजच लिहून मागितला आहे.

— दुरुस्ती उपसमितीच्या वतीने, समन्वयक